मागणी-पुरवठ्याचं प्रकरण एका पानावर आणताना

आमच्या एफवायबीएच्या पुस्तकात मागणी आणि पुरवठा हे प्रकरण चाळीसेक पानांचं आहे. मागणीचा नियम, त्याची गृहीतकं, त्याचे अपवाद, वैयक्तिक मागणी पत्रक, बाजार मागणी पत्रक, मग हेच सगळं पुन्हा पुरवठ्यासाठी, शेवटी समतोल किंमत आणि सरकारी हस्तक्षेप. आकृत्या डझनावारी. परीक्षेच्या आदल्या रात्री हे सगळं उलगडून बसणं कुणालाच जमत नाही. म्हणून ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावेल आणि झेरॉक्स काढून वाटता येईल असं उजळणीचं पान करायचं ठरवलं.

पान लिहायला घेण्याआधी मी जुन्या उत्तरपत्रिका काढून बसले. पुस्तक वाचून महत्त्वाचं काय ते ठरवायला गेलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि मग पान म्हणजे प्रकरणाची बारीक अक्षरातली नक्कल होते. उत्तरपत्रिका वेगळंच सांगत होत्या. किंमत चढली की मागणी कमी होते, हा मागणीचा नियम बहुतेकांना येत होता. अपवाद तर तोंडपाठ होते. गिफेन वस्तू, म्हणजे महागली तरी जास्त खपणारी हलकी वस्तू, न विचारता कुठल्याही उत्तरात हजर. गाडी अडत होती ती एकाच ठिकाणी. एखादी घटना दिली आणि किंमत व प्रमाण यांचं काय होईल असं विचारलं, की मुलं कोणता वक्र सरकवायचा तिथेच गोंधळत. आणि एक ठरावीक साखळी तर गठ्ठ्यागणिक सापडायची: 'पाऊस कमी झाला, पुरवठा घटला, किंमत वाढली, किंमत वाढल्यामुळे मागणी घटली, मागणी घटल्यामुळे किंमत पुन्हा कमी झाली.' म्हणजे फिरून जागच्या जागी. किंमत नक्की वाढली की नाही, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नसे.

मग पानाचं काम स्पष्ट झालं. ही साखळी जिथे तुटते ती जागा दाखवायची, आणि बाकीचं त्या जागेच्या आजूबाजूला जेवढं लागेल तेवढंच ठेवायचं. काय ठेवायचं याची कसोटी मी एकच ठेवली: जे दुसऱ्या गोष्टीवरून काढता येतं ते कापायचं. बाजार मागणी पत्रक म्हणजे वैयक्तिक पत्रकांची बेरीज. एक ओळ पुरते, तीन तक्ते लागत नाहीत. गृहीतकांची यादी आठ मुद्द्यांची होती. उत्पन्न स्थिर, आवडीनिवडी स्थिर, पर्यायी वस्तूंच्या किमती स्थिर वगैरे. पण ही आठ गृहीतकं आणि पुढच्या पानांवरचे मागणीचे निर्धारक घटक ही एकच यादी आहे. जे घटक स्थिर धरले म्हणून वक्र जागेवर राहतो, तेच हलले की वक्र सरकतो. पुस्तकात मध्ये दहा पानांचं अंतर असल्यामुळे मुलं त्या दोन वेगळ्या याद्या म्हणून पाठ करतात. एका पानावर दोन्ही शेजारी आल्या आणि एक आपोआप गळाली. अपवादांना मी अर्धी ओळ दिली, तीही वस्तुनिष्ठ प्रश्नात एखादा गुण येतो म्हणून.

आता मधला भाग. पुस्तकात याला चार शब्द आहेत. किंमत बदलली म्हणून त्याच वक्रावर खाली-वर जाणं म्हणजे विस्तार आणि संकोच. किंमत सोडून दुसरं काही बदललं म्हणून अख्खा वक्र उजवीकडे किंवा डावीकडे जाणं म्हणजे वृद्धी आणि ऱ्हास. मुलांना या चारही व्याख्या येतात, पण घटना समोर आली की उपयोगी पडत नाहीत, कारण पुस्तकात प्रत्येकीची आकृती वेगळी आहे. खऱ्या बाजारात त्या एकामागोमाग एकाच गोष्टीत घडतात. म्हणून मी चार आकृत्या काढून टाकल्या आणि आकड्यांचं एकच उदाहरण घेतलं. कांदा, किंमत किलोला रुपयांत, प्रमाण क्विंटलमध्ये. आकडे माझे, हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले. Qd म्हणजे मागणीचं प्रमाण, Qs म्हणजे पुरवठ्याचं, P म्हणजे किंमत:

```
Qd = 120 - 2P
Qs = 2P
```

दोन्ही बाजू समान केल्या की P = 30 आणि Q = 60. तीस रुपये भाव, साठ क्विंटल विक्री. आता काढणीच्या वेळी गारपीट झाली आणि प्रत्येक किमतीला विकायला येणारा माल वीस क्विंटलने घटला असं धरू:

```
Qs = 2P - 20
```

इथे पानावर मी मुद्दाम एक पायरी थांबवली आहे. भाव अजून तीसच आहे असं समजा. घेणाऱ्यांना साठ क्विंटल हवेत, विकणारे चाळीसच आणताहेत. वीस क्विंटलची तूट. या तुटीमुळे भाव चढतो. तो चढू लागला की दोन गोष्टी एकदम होतात. घेणारे हात आखडतात, आणि ज्यांच्या कांदाचाळीत माल आहे ते तो बाहेर काढतात. नवा समतोल सोडवला की P = 35, Q = 50. घेणारे साठावरून पन्नासावर आले, म्हणजे मागणीचा संकोच. विकणारे चाळिसावरून पन्नासावर आले, म्हणजे पुरवठ्याचा विस्तार, पण नव्या वक्रावर. आणि त्याआधी गारपिटीने केला तो पुरवठ्याचा ऱ्हास. चारपैकी तीन शब्द एकाच घटनेत आपापल्या जागी बसले. चौथा, वृद्धी, इथे घडलाच नाही. आणि मागणीचा वक्र तर जागचा हललेलाच नाही.

ती साखळी तुटते ती इथेच. 'मागणी घटली म्हणून किंमत पुन्हा खाली आली' असं लिहिणारा संकोचाला ऱ्हास समजतो. दहा क्विंटलची घट ही भाव पस्तीसला पोचल्याची परिणती आहे. ती उलटून भावाला खाली ओढत नाही. पस्तीसच्या खाली भाव गेला तर लगेच पुन्हा तूट पडेल. उदाहरणार्थ तेहतीसला घेणारे चोपन्न मागतील आणि विकणारे सेहेचाळीसच देतील. पानावर मी या तेहतीसच्या आकड्यासह ती चुकीची साखळी लिहिली आणि शेवटच्या दुव्यावर काट मारली. नियम लिहिण्यापेक्षा काट मारलेलं वाक्य मुलांच्या जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. माल वीस क्विंटलने घटला, पण विक्री दहानेच घटली. मुलं हमखास चाळीस लिहितात, कारण वक्र जितका सरकला तितकंच प्रमाण घटलं असं त्यांना वाटतं. वक्र आडवा किती सरकला हे एक, आणि समतोल बिंदू कुठे गेला हे दुसरं.

आकृतीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घेतात. समीकरणात मात्र प्रमाण हे किमतीवर अवलंबून लिहिलेलं असतं, आणि गणिताच्या सवयीने अवलंबून असलेली गोष्ट उभ्या अक्षावर जाते. ही उलट प्रथा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे रूढ झाली. त्यांच्या आधी १८३८ मध्ये फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कुर्नो यांनी मागणीचा वक्र काढला होता तेव्हा किंमत आडव्या अक्षावर होती. हा इतिहास पानावर नाही, पण त्याचा त्रास आहे. बारावीला गणित घेतलेली मुलं 120 हा आकडा बिनदिक्कत उभ्या अक्षावर मांडतात. म्हणून आकृतीत मी दोन्ही टोकं आकड्यांनी लिहिली: आडव्या अक्षावर १२०, म्हणजे फुकट वाटला तर लोक नेतील तेवढा कांदा, उभ्या अक्षावर ६०, म्हणजे ज्या भावाला कुणीच घेणार नाही. अर्थ लिहिल्यावर टोकं उलटी लागत नाहीत.

बाकी आकृतीचे नियम साधे आहेत, पण झेरॉक्सने शिकवलेले. नवा वक्र रंगाने दाखवला तर प्रत काढल्यावर जुना-नवा सारखेच काळे होतात. म्हणून जुना सलग रेघेचा, नवा तुटक रेघेचा. बाण आडवे काढायचे, तिरके नाहीत. पुरवठ्याचा ऱ्हास तिरक्या बाणाने दाखवला तर तो वक्र 'वर' गेल्यासारखा दिसतो, आणि मग 'पुरवठा वर गेला म्हणजे वाढला' असं उत्तर येतं. उजवीकडे म्हणजे जास्त, डावीकडे म्हणजे कमी. 'वर-खाली' हे शब्द पानावर फक्त किमतीसाठी वापरले.

निर्धारक घटकांची यादी मी दोन रांगांत लिहिली: घेणाऱ्यांना काय हलवतं आणि विकणाऱ्यांना काय हलवतं. घेणाऱ्यांकडे उत्पन्न, आवड, पर्यायी आणि पूरक वस्तूंच्या किमती, ग्राहकांची संख्या, पुढच्या भावाचा अंदाज. विकणाऱ्यांकडे खर्च, तंत्रज्ञान, हवामान, कर आणि अनुदान, विक्रेत्यांची संख्या, आणि पुन्हा पुढच्या भावाचा अंदाज. हा अंदाज दोन्हीकडे येतो हे मुद्दाम ठेवलं. पुढच्या आठवड्यात भाव चढणार असं वाटलं तर घेणारा आज जास्त नेतो आणि विकणारा आज कमी आणतो. वस्तूची स्वतःची किंमत मात्र दोन्ही रांगांत नाही, आणि ती का नाही हा पानावरचा पहिला सरावप्रश्न आहे.

इथवर पान तयार झालं होतं. वर्गात त्याची पहिली प्रत वाटली तेव्हा लासलगावकडून येणाऱ्या एका मुलाने हात वर केला. घरची कांद्याची शेती. मी सरावाला एक घटना दिली होती: ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, किंमत आणि प्रमाण यांचं काय होईल? शेजारच्या मुलीने उत्तर दिलं होतं की बाहेर जाणारा माल देशात राहिला, पुरवठा वाढला, भाव पडला आणि विक्री वाढली. तो म्हणाला, "मॅडम, भाव पडला हे बरोबर. पण आमच्याकडे पुरवठा कुठे वाढला? शेतात कांदा तेवढाच होता. उलट लिलावच बंद पडले होते."

दोघंही बरोबर होते, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे बाजार होते. मुंबईतलं गिऱ्हाईक ज्या बाजारातून कांदा घेतं तो घ्या. तिथे निर्यातीला जाणारा माल वळला, म्हणजे त्याच भावाला जास्त माल उपलब्ध. पुरवठ्याची वृद्धी, भाव खाली, विक्री जास्त. आता लासलगावचा लिलाव घ्या. तिथे शेतकरी विकणारा, आणि घेणाऱ्यांत देशातले व्यापारी अधिक निर्यातदार. बंदी आली की निर्यातदार बोलीतून बाहेर. पुरवठ्याच्या वक्राला कुणी हातही लावलेला नाही; सरकला तो मागणीचा वक्र, डावीकडे. भाव खाली, आणि विक्रीही कमी. भावाची दिशा दोन्हीकडे एकच, प्रमाणाची अगदी उलट. नुसतं 'भाव पडला' एवढंच तपासलं असतं तर फरक दिसलाही नसता.

त्या मुलाच्या उदाहरणात आणखी एक पापुद्रा होता. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल टिकत नाही. त्यामुळे भाव पडला म्हणून 'थांबू, नंतर विकू' हे शेतकऱ्याला फारसं जमत नाही. आकृतीत सांगायचं तर लाल कांद्याचा पुरवठा वक्र जवळजवळ उभा असतो, आणि मागणी डावीकडे सरकली की तिचा सगळा धक्का भावावर येतो, प्रमाण थोडंच हलतं. तीच बंदी उन्हाळ कांद्याच्या हंगामात आली, तर वक्र थोडा आडवा असतो, काही माल चाळीत जातो आणि भाव तुलनेने कमी पडतो. हे खरं तर लवचिकतेच्या प्रकरणात येतं, पण वर्गातल्या अर्ध्या मुलांना ते घरीच माहीत होतं. फक्त त्याला वक्राचा आकार म्हणतात हे कळलं नव्हतं.

दुसऱ्या प्रतीत पानाची पहिली ओळ बदलली. आधी तिथे मागणीची व्याख्या होती. आता प्रश्न आहे: 'बाजार कोणता? घेणारे कोण, विकणारे कोण?' त्याखाली दुसरा: 'घटनेने आधी कुणाला हलवलं, घेणाऱ्यांना की विकणाऱ्यांना?' तिसरा: 'उजवीकडे की डावीकडे?' मगच आकृती. व्याख्या खाली कोपऱ्यात गेली.

एकच वक्र सरकला तर चार शक्यता होतात. पुस्तकात त्यांच्या चार आकृत्या आहेत, माझ्याकडे दोन ओळी: मागणी सरकली तर किंमत आणि प्रमाण एकाच दिशेने जातात, पुरवठा सरकला तर विरुद्ध दिशांनी. ही ओळ उलटीही वाचता येते, आणि तोच तिचा खरा उपयोग. बातमीत भाव चढला आणि आवकही वाढली असं असेल, तर पुरवठा एकटा सरकून हे होऊच शकत नाही. मागणी हललेली असणार.

दोन्ही वक्र एकदम सरकले की पुस्तक आणखी चार आकृत्या देतं, आणि प्रत्येक आकृती एक ठाम उत्तर दाखवते. हे मला खटकत आलं आहे. मागणी वाढली आणि पुरवठा घटला, तर किंमत नक्की चढते, पण प्रमाणाचं काय होईल हे कोणता वक्र किती सरकला यावर ठरतं. आकृती काढणाऱ्याने हात थोडा इकडेतिकडे नेला की उत्तर बदलतं. म्हणून पानावर आकृतीऐवजी बाणांची बेरीज लिहिली:

```
मागणी वाढली :   किंमत ↑   प्रमाण ↑
पुरवठा घटला :   किंमत ↑   प्रमाण ↓
एकत्र        :   किंमत ↑   प्रमाण ?
```

बाण एका दिशेचे तर उत्तर पक्कं, विरुद्ध दिशांचे तर प्रश्नचिन्ह. उरलेल्या तिन्ही जोड्या मुलांनी स्वतः भरायच्या. प्रश्नचिन्ह हे पूर्ण उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, हे मला वर्गात वेगळं सांगावं लागलं. तोपर्यंत बरेच जण ते खोडून अंदाजाने एक बाण काढत होते.

सरकारी हस्तक्षेपाला खालची दोन बोटं जागा उरली होती. तेच आकडे परत वापरले. मूळ बाजारात भाव तीस. सरकारने कमाल किंमत पंचवीस ठेवली तर मागणी सत्तर, पुरवठा पन्नास, तूट वीस. किमान किंमत पस्तीस ठेवली तर मागणी पन्नास, पुरवठा सत्तर, वीस जादा. कमाल किमतीची रेघ समतोलाच्या वर काढणं ही नेहमीची चूक, कारण 'कमाल' म्हटलं की हात वर जातो. चाळीस रुपयांची कमाल किंमत तीसच्या बाजाराला लागतच नाही. आणि किमान किमतीच्या ओळीला मी एक शेपूट जोडलं: जादा वीस क्विंटल कुणीतरी विकत घेतल्याशिवाय हा भाव टिकत नाही. हमीभाव जाहीर होतो पण खरेदी होत नाही तेव्हा भाव त्याखाली का जातो, ते या शेपटात आहे.

पान पक्कं करण्याआधी मी ते इतिहास घेतलेल्या एका मुलीला दिलं. तिने हे प्रकरण कधी वाचलेलं नव्हतं. पुस्तक न देता, फक्त पानावरून तिला तीन घटना सोडवायला सांगितल्या. डिझेल महागलं आणि टोमॅटोचा बाजार. श्रावणात अंड्यांचा बाजार. आणि चहा महागला तर कॉफीचं काय. पहिल्या दोन तिने पटापट सोडवल्या. तिसऱ्यात अडली. "मॅडम, किंमत बदलली तर वक्र सरकत नाही ना? मग इथे किंमतच बदलली आहे." किंमत बदलली ती चहाची, आणि आकृती कॉफीची. आकृतीच्या उभ्या अक्षावर ज्या वस्तूची किंमत लिहिली आहे तिचीच किंमत वक्रावरून चालवते. बाकी कुठल्याही वस्तूची किंमत परिणाम करत असेल, तर ती वक्र सरकवून करते. पुस्तकात हे आहे, पण 'पर्यायी वस्तूंच्या किमती' या मुद्द्याखाली, विस्तार-संकोचापासून लांब.

त्यासाठी जागा करायला अपवादांमधला प्रतिष्ठेच्या वस्तूंचा उल्लेख गेला आणि आकृतीच्या दोन्ही अक्षांवर 'किंमत', 'प्रमाण' ऐवजी 'कांद्याची किंमत', 'कांद्याचं प्रमाण' असं लिहिलं. कोपऱ्यात एक रिकामी आकृतीही आहे, अक्षांवर नुसत्या टिंबटिंब रेघा, वस्तूचं नाव मुलांनी भरायचं.